डबा तसाच परत नेतोय, विचारू की नको?

वाचकाचं पत्र (थोडक्यात, नाव-गाव बदलून)

मी बेळगावात उद्यमबागमधे एका मशीन शॉपला क्वालिटीत आहे. माझा एक सोबती सीएनसीवर आहे, खानापूर बाजूचा, सहा वर्षं आम्ही एकाच गाडीवरनं येतोय-जातोय. दोन-अडीच महिने झाले तो बदललाय. डबा तसाच परत नेतो, दाढी करत नाही, पहाटे तीनला जाग येते आणि मग झोपच नाही म्हणतो. रिजेक्शन वाढलंय, त्याला मेमो मिळू नये म्हणून मीच त्याच्या रीडिंगा परत घेऊन शीट भरायलोय. बहिणीच्या लग्नाचं कर्ज आहे एवढं ठाऊक. परवा म्हणाला, "माझ्यामुळं सगळ्यांनाच त्रास, मी नसलेलोच बरा," आणि लगेच घरी सांगू नकोस म्हणून शपथ घातली. त्याच्या बायकोला मी ओळखतो, पण फोन केला तर गावात काय बोलतील? मी काय डॉक्टर नाही. विचारल्यामुळंच त्याच्या डोक्यात भलतं काही आलं तर? आणि गप्प बसलो आणि काही झालं तर? किती पुढं जायचं?

उत्तर

दादा, तुमचं पत्र वाचलं त्याच संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला होता, सदर छापून येईपर्यंत थांबले नाही, कारण "मी नसलेलोच बरा" हे वाक्य ज्या पत्रात आहे त्या पत्राला आठवडाभर बाजूला ठेवता येत नाही. आपण काय बोललो आणि पुढच्या तीन आठवड्यात काय काय झालं ते इथं लिहितेय. तुम्ही आणि तुमच्या सोबत्यानं दोघांनी हो म्हटलंय, खुणा बदलल्यात. लिहायचं कारण असं की अशी पत्रं मला बरीच येतात, कधी शाळेतल्या शिक्षकांची, कधी पतसंस्थेतल्या क्लार्कची, कधी निपाणीच्या तंबाखू वखारीतनं, आणि सगळ्यांचा प्रश्न शेवटी तोच असतो, की मी जास्त तर करत नाही ना.

आधी विचारायच्या भीतीबद्दल. जीव द्यायचा विचार येतो का असं सरळ विचारलं तर समोरच्याच्या मनात तो विचार पेरला जातो, असं आपल्याकडं जवळजवळ सगळ्यांना वाटतं. तसं होत नाही. यावर बऱ्याच देशात अभ्यास झालेत, आणि विचारल्यामुळं धोका वाढतो असं कुठं दिसलेलं नाही. ज्याच्या मनात तो विचार आधीपासून आहे तो दिवसरात्र एकटाच त्याच्याशी झगडत असतो, आणि कुणीतरी न घाबरता, न ओरडता ते शब्द उच्चारले की त्याला पहिल्यांदा वाटतं की हे बोलता येतं. ज्याच्या मनात नाही तो "छे रे, तेवढं नाही" म्हणतो आणि विषय तिथं संपतो. दोन्हीकडनं तुमचं नुकसान काही नाही.

पण विचारायचं कसं, हे महत्त्वाचं आहे. तुम्ही मला फोनवर सांगितलंत की याआधी दोनदा प्रयत्न केला होता. एकदा चहाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर, "काय रे, तोंड का पाडलंयस," आणि एकदा गाडीवरनं येताना, "टेन्शन घेऊ नको मर्दा, सगळं होतंय नीट." दोन्ही वेळी तो "काय नाही रे" म्हणाला. म्हणणारच. चारचौघात कोण सांगेल, आणि "सगळं होतंय नीट" या वाक्यात प्रश्नच नाही, उलट आता विषय बंद कर असंच त्याला ऐकू येतं. आपण चांगल्या मनानं म्हणतो, पण समोरच्याला कळतं की याला माझं खरं ऐकायचं नाहीय, याला मी बरा असायला पाहिजे.

म्हणून आपण ठरवलं की त्या शनिवारी पहिली शिफ्ट सुटल्यावर मच्छे ओलांडलं की गाडी थांबवायची, जिथं ओळखीचं कुणी नसेल तिथं, आणि दोघंच बसायचं. समोरासमोर नको, शेजारी-शेजारी, रस्त्याकडं तोंड करून. आपल्याकडच्या पुरुषांना डोळ्याला डोळा भिडवून असलं बोलणं जड जातं, शेजारी बसून जमतं. आणि सुरुवात निदानानं करायची नाही. "तुला डिप्रेशन आलंय" हे तुम्ही म्हणायचं वाक्य नव्हेच, ते डॉक्टरचं. तुम्ही फक्त जे डोळ्यानं बघितलं तेवढंच सांगायचं. तुम्ही नंतर मला सांगितलंत तुम्ही काय म्हणालात, ते मला फार नीट वाटलं, म्हणून जसंच्या तसं देते:

"दोन महिने बघायलोय, डबा परत नेतोस. झोप नाही म्हणतोस. त्या दिवशी म्हणालास मी नसलेलोच बरा, ते माझ्या डोक्यातनं जाईना झालंय. जीव द्यायचा विचार येतोय काय तुझ्या मनात?"

आणि मग तुम्ही गप्प बसलात. ती शांतता किती वेळ होती ते तुम्हाला आठवत नाही म्हणालात, पण तुम्ही ती भरून काढली नाहीत हे सगळ्यात अवघड काम तुम्ही केलंत. शेवटी तो म्हणाला, "येतोय. रात्री जास्त."

इथं बरेच लोक गडबडतात. एकतर रडायला लागतात, नाहीतर "पोरांचा विचार कर, आईबापाचा विचार कर" सुरू करतात. त्याचं म्हणणंच असं होतं की माझ्यामुळं सगळ्यांना त्रास, म्हणजे तो पोरांचाच विचार करतोय, फक्त आजारानं त्या विचाराला उलटं वळण दिलंय. त्याला आणखी एक अपराध दाखवू नका. विचारायचं ते पुढचं विचारा, शांतपणे. काही ठरवलंयस काय, कसं, कधी? जे लागेल ते जवळ आहे काय? याआधी कधी प्रयत्न झालाय काय? नुसता विचार येणं, ठरवलेलं असणं, आणि साधन हाताशी असून वेळही ठरलेली असणं यात फार फरक आहे, आणि पुढच्या दोन तासात तुम्ही काय करायचं ते या उत्तरावर ठरतं.

तुमच्या सोबत्यानं ठरवलेलं काही नव्हतं, विचार येऊन जात होते, आधीचा प्रयत्न नव्हता. पण घरात फवारणीचं औषध आहे आणि त्याकडं लक्ष जातं एवढं तो बोलला. तेव्हा त्या संध्याकाळचं पहिलं काम तेच होतं, ते औषध घरातनं दुसरीकडं हलवणं. हे बारकं वाटतं पण बारकं नाही. असला विचार बहुतेक वेळा लाटेसारखा येतो, टोकाला जातो आणि उतरतो, आणि त्या टोकाच्या वेळी हाताशी काही नसणं यानंच माणसं वाचतात. शेती असलेल्या प्रत्येक घरात हे करण्यासारखं आहे, काही आठवड्यांसाठी भावाकडं, शेजाऱ्याकडं, कुलूप लावून, किल्ली त्याच्याकडं नको.

जर त्यानं ठरवलंय, आज-उद्याचं आहे असं सांगितलं असतं, तर मग थांबायचं नाही. त्याला एकटं सोडायचं नाही, अगदी गाडी लावून येतो म्हणाला तरी बरोबर जायचं, घरच्यांना फोन करायचा आणि सरळ सिव्हिल हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीला न्यायचं, किंवा जवळ जे मोठं हॉस्पिटल असेल तिथं, गाडी मिळत नसेल तर ११२ ला फोन. तिथं "जास्त केलं काय" हा प्रश्नच येत नाही. पोलीस केसच्या भीतीनं लोक दवाखान्यात नेत नाहीत, हे मी स्वतः बघितलंय. म्हणून सांगते, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ११५ व्या कलमात लिहिलंय की ज्यानं आत्महत्येचा प्रयत्न केला तो प्रचंड ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही, उलट सरकारनं त्याची काळजी घ्यायची. आणि असा प्रयत्न गुन्हा धरणारं जुनं ३०९ कलम तर २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या न्यायसंहितेत घेतलेलंच नाही. नुसता विचार येतोय असं डॉक्टरला सांगण्यात तर केसचा संबंधच नाही.

आता शपथ. तुम्ही या शपथेनं फार हैराण होता, आईची घातली होती म्हणालात. मी तुम्हाला म्हटलं होतं की ती पाळता येणार नाही, पण ती मोडायची पण एक रीत आहे. त्याच्या पाठीमागं मोडली तर तो पुन्हा कधी तोंड उघडणार नाही, तुमच्यापुढं काय, कुणाच्याचपुढं. त्याच्या समोर, त्याला सांगून मोडायची. तुम्ही म्हणालात, "हे एवढं मी एकटा पोटात ठेवणार नाही, ते मला झेपणार नाही आणि तुलाबी नाही. पण कुणाला सांगायचं ते तू ठरव, आणि सांगताना तू बरोबर असशील." त्यानं बायकोचं नाव घेतलं नाही, थोरल्या भावाचं घेतलं, जो शेती बघतो. तुम्ही दोघं तसेच भावाकडं गेलात. बायकोला भावानं आणि वहिनीनं मिळून रात्री सांगितलं. तुम्हाला जी भीती होती ना, परक्या बाईला फोन कसा करायचा, त्याचं उत्तर असं आपोआप मिळालं. ज्यांना असा भाऊ मिळणार नाही त्यांनी आपल्या घरातल्या बाईला बरोबर घ्यावं आणि दोघांनी मिळून जावं. गावात काय बोलतील याची काळजी खोटी नाही, आपल्या गावात बोलतातच, आणि त्या बोलण्याचा त्रास तिला होतो, तुम्हाला नाही.

मला वाटतं "जास्त करणं" म्हणजे काय हे इथं कळतं. तुम्ही पत्रात धरून चालला होतात की बोललं की मी त्याच्या आयुष्यात घुसलो आणि गप्प बसलो की बाहेर राहिलो. पण तुम्ही बाहेर कुठं होतात? दोन महिने त्याला न विचारता त्याच्या शीटा भरत होतात! प्रेमानं करत होतात, माहितीय मला, पण बघा त्यानं काय झालं. रिजेक्शन वाढणं ही एकच गोष्ट अशी होती की जी बघून दुसऱ्या कुणीतरी, सुपरवायझरनं म्हणा, "याला काय झालंय" असं विचारलं असतं, आणि ती तुम्ही झाकून टाकली. शिवाय टॉलरन्सच्या बाहेरचा एखादा पीस पुढं गेला असता तर दोघांची नोकरी गेली असती. आणि त्याला ते कळत होतं, त्यानं नंतर सांगितलं तुम्हाला, की तू माझ्या रीडिंगा घेतोस ते बघून वाटायचं की मी आता कशाच्याच कामाचा नाही. ते वाचून मला वाईट वाटलं, तुमच्यासाठीपण. पण हे धरून ठेवा, की माणसाच्या वतीनं त्याच्या नकळत ठरवणं ही ढवळाढवळ आहे, आणि त्याला तोंडावर विचारणं, तेही त्याला "नको" म्हणायची मुभा ठेवून, ही नाही. जीवाला धोका असेल तेवढा अपवाद, तिथं त्याच्या "नको"ला थांबायचं नाही.

एक जुनी गोष्ट सांगते, मी ज्या शाळेत शिकवत होते तिथली. आमच्या एक बाई अशाच विझत चालल्या होत्या. स्टाफरूममधे चर्चा झाली, सगळ्यांना कळवळा, आणि एका रविवारी आम्ही आठजणी फळं घेऊन त्यांच्या घरी गेलो, न सांगता. सासूबाईंना तोवर काही माहीत नव्हतं. आठजणी हॉलमधे बसून "बाईंना जरा जपा हो" म्हणतोय आणि त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या, त्यांचा चेहरा मी विसरलेली नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या आमच्याशी कामापुरतंच बोलायच्या. आमच्यातल्या एकीनं आधी एकटीनं त्यांना विचारलं असतं, तर कदाचित त्यांनीच सांगितलं असतं घरात कुणाला आणि कसं कळवायचं ते.

तर शीटा भरणं बंद, हे मी तुम्हाला सांगितलं. आणि सुपरवायझरला काय सांगायचं? आजार नाही सांगायचा, फक्त कामाचं सांगायचं, तेही सोबत्याला विचारून. "त्याची तब्येत बरी नाही, झोप होत नाही, दवाखाना सुरू होतोय, काही दिवस रात्रपाळी नको आणि एकट्याला मशीनवर नको." एवढंच. डॉक्टर आणि हॉस्पिटलवर गुप्तता पाळायचं कायद्याचं बंधन आहे, तुमच्यावर तसं कुठलं कलम नाही, तुमच्या तोंडावर तुमचाच ताबा. डिप्रेशन हा शब्द एकदा शॉप फ्लोअरवर पडला की तो कॅन्टीनमधे जेवायला बसतो, आणि माणूस बरा झाला तरी तो शब्द तिथंच बसलेला असतो. पण न झोपलेल्या माणसानं मशीन चालवणं, आणि सुरुवातीला काही गोळ्यांनी गुंगी येते ते, हा हातापायाचा धोका आहे, त्यामुळं काहीच न सांगणंही बरोबर नाही.

आता दवाखाना. तुमच्या सोबत्याला मानसोपचार म्हटलं की नको होतं, आपल्याकडं नुसतं "धारवाड" म्हटलं तरी तिथल्या मनोरुग्णालयामुळं लोकांचे चेहरे बदलतात. मग आपण दुसरी वाट धरली, खोटी नाही, जवळची. तो ईएसआयमधे आहे, पगार २१ हजाराच्या आतला, मग ईएसआयच्या डॉक्टरकडं जाऊन झोप नाही, भूक नाही, अंग दुखतंय, वजन उतरलंय हे सांगायचं, आणि त्याबरोबर मनात येणारे विचारपण सांगायचे, ते लपवायचे नाहीत. डॉक्टरनं आधी रक्त तपासलं, कारण थायरॉईड कमी असला की किंवा बी-१२ कमी असलं तरी माणूस असाच मरगळतो, आणि मग मानसोपचार तज्ज्ञाकडं पाठवलं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस, जवळजवळ रोज, मन उदास किंवा कशातच गोडी नाही, आणि त्याबरोबर झोप, भूक, थकवा, लक्ष न लागणं, आपण नालायक आहोत असं वाटणं यातलं बरंच काही असेल आणि त्यानं रोजचं काम अडत असेल, तर डॉक्टर त्याला नुसतं दुःख म्हणत नाहीत. पुरुषांच्यात तर कधीकधी उदासी दिसतच नाही, चिडचिड दिसते, अंगदुखी दिसते, नाहीतर दारू वाढते, आणि आपण म्हणतो "बिघडला".

ज्यांना ईएसआय नाही त्यांनी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करावी. कर्नाटकात मनोचैतन्य नावाचा कार्यक्रम आहे, त्यात मंगळवारी मानसोपचाराचे डॉक्टर तालुका हॉस्पिटलला येतात, आपल्या तालुक्याला कधी येतात ते आधी विचारून जा म्हणजे फेरी वाया जात नाही. आणि फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस, नंबर १४४१६, २४ तास, फुकट, केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मधे सुरू केलेला. भाषा निवडता येते, मराठी आहे, कन्नड आहे. हा नंबर फक्त आजारी माणसासाठी नाही, तुमच्यासारख्या सोबत्यांनीपण फोन करून "आता मी काय बोलू" हे विचारलं तरी चालतं.

भाषेचं एक सांगायलाच पाहिजे. आपल्या भागात बहुतेक डॉक्टरांना मराठी कळतं, पण सगळ्यांना नाही, आणि कागद कन्नडमधे असतो. तुम्हाला कन्नड चांगलं येतं म्हणून तुम्ही त्याच्याबरोबर आत बसून सांगणार होतात. मी नको म्हटलं. सोबती मधे बसला की माणूस अर्धंच बोलतो, कर्जाचं सांगतो पण बायकोबरोबरचं भांडण सांगत नाही, आणि तुम्ही भाषांतर करताना आपोआप गोड करून सांगता. आत जाताना "मराठी बोलणारे डॉक्टर किंवा समुपदेशक आहेत काय" एवढं विचारून द्यायचं आणि बाहेर बाकावर बसायचं. नसतीलच तर मग नाइलाज, पण तेव्हा तो बोलेल तेवढंच, तसंच्या तसं सांगायचं.

गोळ्यांबद्दल तुम्ही नंतर मेसेज केला होता की आठ दिवस झाले, फरक नाही, उलट मळमळतंय, तो बंद करतो म्हणतोय. या गोळ्या तापाच्या गोळीसारख्या नसतात. फरक दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, नीट दिसायला त्याहून जास्त, आणि मळमळ, डोकं दुखणं, अस्वस्थपणा हा त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात येतो आणि बहुतेकदा उतरतो. म्हणजे सुरुवातीला नुसता तोटाच दिसतो. याच काळात लोक सोडतात. आपल्या मनानं बंद करायची नाही, डॉक्टरला फोन करायचा किंवा परत जायचं, डोस बदलतात, गोळी बदलतात. आणि पहिल्या काही आठवड्यात जरा जास्त लक्ष ठेवायचं, कारण कधीकधी अंगात हुशारी आधी येते आणि मन मागनं वर येतं. खूप दिवस पडून असलेला माणूस अचानक फार शांत दिसायला लागला, वस्तू वाटायला लागला, उगाच माफी मागायला लागला, तर बरा झाला असं समजून सुटकेचा श्वास सोडू नका, पुन्हा तोच सरळ प्रश्न विचारा.

कर्जाचं. तुम्ही मला विचारलं होतं की आपण सगळ्यांनी मिळून पन्नास हजार गोळा करून देऊ काय. लगेच नको, म्हणजे न विचारता नको. त्याला आधीच वाटतंय मी ओझं आहे, त्यात आणखी सात जणांचं देणं. पण एक नक्की विचारा, वसुलीला कुणी दारात येऊन बसतंय काय, शिव्या देतंय काय, बायकोला बोलतंय काय. मायक्रोफायनान्सवाल्यांच्या असल्या जबरदस्तीविरुद्ध कर्नाटकात २०२५ मधे कायदा झालाय, पोलिसात तक्रार करता येते. त्याच्या बाबतीत तसं होतं, एकजण दर आठवड्याला यायचा, भावानं ते हातात घेतलं. कर्ज गोळीनं फिटत नाही हे खरंच आहे, पण झोप नसलेल्या माणसाला हप्ता आणि फाशी यातलं अंतर दिसत नाही, झोप आली की कागद काढून बसता येतं.

आणि नोकरीची भीती, जी त्याला सगळ्यात जास्त होती. ईएसआयच्या डॉक्टरनं विश्रांतीचं सर्टिफिकेट दिलं तर आजारपणाचा लाभ मिळतो, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, पगाराच्या साधारण ७० टक्के, त्यासाठी आधीच्या सहा महिन्यांच्या हिशोबात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. आणि ईएसआयच्या नियमाप्रमाणं तो लाभ चालू असताना कामावरनं काढता येत नाही. हे त्याला तुम्ही सांगितलंत तेव्हा तो पहिल्यांदा दवाखान्याला "बरं" म्हणाला, लक्षात आहे ना. कधीकधी माणूस मनाच्या गोष्टीला नाही तर अशा एका कागदाच्या गोष्टीला हो म्हणतो, आणि ते चालतं.

समजा तो नाहीच म्हणाला असता तर? जीवाला धोका नसेल तर मोठ्या माणसाला ओढून नेता येत नाही. तेव्हा भांडू नका, शनिवारी पुन्हा विचारा, त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा. गाडीवरनं येणं-जाणं चालू ठेवा, ते तोडू नका. आणि दारू पिलेला असताना हा विषय काढू नका, सकाळी काढा.

तुमच्याबद्दल पण. तुम्हीपण आता रात्री दोनदा उठून फोन बघताय असं तुमच्या मिसेसनी मला सांगितलं. रात्रीची जबाबदारी भावाकडं द्या, तुमच्याकडं दिवसाची आणि गाडीवरची. तुम्ही एकटे त्याला धरून ठेवलंय असं झालं तर तुमचा हात सुटेल, म्हणून निदान तिघं पाहिजेत, आणि आता तिघं आहेत.

सोमवारी तो परत कामावर यायलाय म्हणालात, झोप पाच तासांवर आलीय, विचार कमी आलेत पण गेले नाहीत. पहिल्या दिवशी काय बोलू म्हणून विचारलंत. कॅन्टीनमधे बाजूची खुर्ची ठेवा, तब्येतीचं विचारू नका तिथं, बाकीच्यांनी विचारलं तर "तब्येत बरी नव्हती" एवढंच. त्याच्या रीडिंगा त्यालाच घेऊ द्या, एखादी चुकली तर नेहमीसारखं दाखवा. आणि परत जाताना मच्छेच्या पुढं गाडी थांबवा, जिथं त्या दिवशी थांबवली होती.